सोमवारचा हिरवा ग्लास कसा प्यावा

रविवारी रात्री तांबडा-पांढरा झाला, सुकं मटण झालं आणि मित्रांच्या आग्रहाखातर साठ-साठचे तीन पेगही झाले. आता सोमवारी सकाळी सातला उठून रंकाळ्यावर जा. पालक, बीट, आवळा, लिंबू असा हिरवा-काळपट डिटॉक्स ज्यूस घ्या, नाक दाबा आणि प्या. शरीरात साचलेलं विष बाहेर काढायचंय ना!

पिण्याआधी फक्त एक हिशेब करू नका. साठ मिलिलिटर व्हिस्कीत साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे तिनात साठ ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. आधी त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं (ते खरंच विषारी), मग लगेच त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. सहा ते नऊ तासांचं काम. म्हणजे दहाच्या सुमाराला प्यायला बसला असाल, तर ज्यूसवाला मिक्सर लावेपर्यंत यकृताची रात्रपाळी संपत आलेली असते. ते एन्झाइमनं चालतं, पालक बघून त्याचा वेग वाढत नाही. पण हे कळलं तर ग्लास घशाखाली उतरणार नाही, म्हणून सोडून द्या.

मटणाचंही तसंच. प्रथिनं मोडताना तयार होणारा अमोनिया यकृत युरियात बदलतं आणि मूत्रपिंडांकडे सोपवतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. अशा यंत्रणेला एका ग्लासानं ‘साफ’ करायला निघालेल्या माणसाचा आत्मविश्वास, खरंच सांगतो, नाद खुळा.

पण मूत्रपिंडांना नवं काम द्यायचं असेल, तर तुमचा ज्यूस खरोखर गुणकारी आहे. रोज दोनशे ग्रॅम कच्चा पालक घाला. त्यात एक ग्रॅमहून जास्त ऑक्सलेट असू शकतं. एरवीच्या जेवणातून दिवसभरात ते साधारण एक-दोनशे मिलिग्रॅम जातं. पालकाची भाजी खाणाऱ्या आपल्या आज्या या बाबतीत अगदीच मागासलेल्या होत्या. दोनशे ग्रॅम पालक म्हणजे घरभर पुरणारी भाजी, तो त्या एकट्यानं कधी खाल्लाच नाही. उकळून पाणी टाकलं की ऑक्सलेट बरंच कमी होतं, म्हणून उकळू नका. सोबत दूध-दही घेतलं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच पकडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. तेव्हा येताना गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या कट्ट्याकडे बघूसुद्धा नका. रिकाम्या पोटी, नुसता ज्यूसच. मग ऑक्सलेट रक्तात जाईल, मूत्रपिंडात कॅल्शियमशी जोडी जमवेल आणि त्याचे खडे होतील. क्वचित त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडातच रुतून बसतात आणि ते निकामी होण्यापर्यंत मजल जाते. जगभरच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवलेत. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत किंवा वजनासाठी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना धोका जास्त. त्यामुळे मूत्रपिंडं कमजोर करणारे मधुमेह, रक्तदाब असतील तरी, मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधी तपासू नका. बरीच हानी होईपर्यंत ते फारसं वाढत नाही, म्हणजे तेवढे दिवस तरी मजेत जातील.

तिसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली, तर ‘विष निघालं’ म्हणून ग्रुपवर जाहीर करा. ते बीट असतं, काहींच्या लघवीत त्याचा रंग उतरतो. बीट बंद करूनही लाली राहिली तर ते रक्त असू शकतं, आणि तेव्हा मात्र ग्रुप सोडून डॉक्टर गाठा. दोन किलो वजन उतरलं तरी पेढे वाटा. उपाशीपोटी यकृत-स्नायूंतला साखरेचा साठा संपतो आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी सुटतं. गुरुवारी मिसळ खाल्ली की ते दोन किलो न बोलावता परत येतात.

दुधीच्या रसाचीही एक पायरी या अभ्यासक्रमात असते. कडू लागला तर ‘कडू तेच औषध’ म्हणतील. इथं मी थट्टा करत नाही: कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. असा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झालेली, दगावलेली माणसं भारतात आहेत. आधी तुकडा जिभेला लावा. कडू असेल तर थुंका, तो दुधी फेकून द्या.

बाकी ज्यूसवाल्याला त्रास देऊ नका. कोणतं विष काढता, त्याचं नाव काय, पिण्याआधी रक्तात किती होतं आणि नंतर किती राहिलं, असं चुकूनही विचारू नका. शेजारच्या एका काकांनी विचारलं होतं. तो म्हणाला, “काका, तुमच्यात निगेटिव्हिटीच लई साठलीय,” आणि एकवीस दिवसांचं पॅकेज पुढं केलं.