राजीनाम्याचं कारण 'वैयक्तिक' नाहीये, तुमची बदली आहे

दिला एकदाचा राजीनामा. आणि आता सगळे विचारतायत की काय गं अशी अचानक का सोडली, चांगली चालली होती की. हो चालली होती! मला सोडायची नव्हतीच! मला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरलं, मी जाऊ शकत नाही हे माझ्या मॅनेजरला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि तरी पत्र आलं की पंधरा दिवसांत तिकडच्या ऑफिसला जॉइन व्हा. पंधरा दिवस! लोक भाड्याचं घर बदलतात तेव्हा सुद्धा महिनाभराची नोटीस देतात, इथे अख्खा संसार हलवायला पंधरा दिवस.

मॅनेजर म्हणे अगं वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. मग विचारलं की तिकडे माझं काम काय? हेच. टीम कुठली? हीच. रिपोर्टिंग कुणाला? मलाच. म्हणजे मी तिकडे बसून लॅपटॉप उघडून इथल्याच लोकांशी कॉलवर बोलायचं, जे मी आत्ता समोरासमोर बोलते! मग मला तिथे का पाठवताय? 'बिझनेस रिक्वायरमेंट'. कसली रिक्वायरमेंट ते कुणीच सांगेना, पत्रात पण तेवढंच, कुठलं प्रोजेक्ट नाही, किती दिवसांसाठी नाही, परत आणणार का तर त्याचंही उत्तर नाही. तिकडच्या ऑफिसातल्या ओळखीच्या पोरीला फोन केला तर ती म्हणाली ताई इथे तुमच्या नावाचं काही बोलणंच नाहीये, बसायला जागा नाही, आम्हीच आळीपाळीने येतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं की यांना मी तिकडे नकोय. यांना मी इथे पण नकोय. यांना फक्त माझी सही हवीये राजीनाम्यावर.

कारण हिशोब साधा आहे. कंपनीने स्वतःहून काढलं तर बहुतेक ठिकाणी काही ना काही द्यावं लागतं, नोटीसचा पगार असेल, नुकसानभरपाई असेल, कारण तरी द्यावं लागतं. तोच माणूस स्वतःहून गेला की यातलं बरंचसं गळून पडतं. मग माणूस स्वतःहून कसा जाईल? त्याला अशी जागा द्या जिथे तो जाऊच शकत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, ज्यांच्या जोडीदाराची नोकरी इथे आहे, ज्यांची पोरं शाळेत आहेत, त्यांचीच नावं यादीत. आमच्या मजल्यावर ज्यांना पत्र आलं ती नावं बघा, सगळी अशीच. एकही सडाफटिंग माणूस त्यात नाही, जो आनंदाने गेला असता!

आणि एचआर मॅडम काय म्हणतात, "तुमच्या ऑफर लेटरमध्ये क्लॉज आहे, कंपनी कुठेही पाठवू शकते." आहे, माहितीये मला. सगळ्यांच्याच लेटरमध्ये असतो तो, आणि जॉइन होताना तो काढा म्हटलं तर नोकरीच मिळत नाही. तो क्लॉज असला की नुसती बदली केली म्हणून बेकायदा म्हणायला सहसा जागा उरत नाही, हे मी कबूल करते, वकील मैत्रिणीने पण हेच सांगितलं. पण तिने हे पण सांगितलं की क्लॉज म्हणजे मोकळं रान नाही, बदलीमागे खरं काम पाहिजे, आणि माणसाला हाकलायलाच बदली केलीये असं दिसत असेल तर प्रश्न विचारता येतो. ते दिसतं कशावरून? काम तेच राहिलंय, तिकडे जागा नाही, मुदत अशक्य आहे, आणि इकडे माझ्याच कामासाठी नवीन माणूस घेतायत, यावरून. माझ्या जागेची जाहिरात मी अजून खुर्चीत असताना लागली होती! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, घरच्या मेलवर.

आता जे लोक म्हणतात ना की जायचं की, नवीन शहर, नवीन अनुभव, त्यांच्यासाठी हिशोब मांडते. माझा पगार शंभर धरा, नवऱ्याचा ऐंशी. घरात एकशेऐंशी येतात, त्यातले चाळीस घराच्या कर्जाच्या हप्त्याला जातात, हातात एकशेचाळीस. मला तिकडे जायचे वाढवून किती देणार तर पाच. सगळे गेलो तर नवऱ्याची नोकरी सुटली, म्हणजे आले एकशेपाच, त्यातून हप्ता चाळीस तसाच, तिकडचं भाडं पस्तीस, उरले तीस. एकशेचाळीसचे तीस! इथलं घर भाड्याने दिलं तरी पंधराएक येतील, त्याने काय होणार? मी एकटी गेले तर एकशेपंच्याऐंशीतून हप्ता गेला, छोट्या खोलीचे वीस गेले, येण्याजाण्याचे दहा गेले, राहिले एकशेपंधरा, म्हणजे जास्त काम करून, घर सोडून, महिन्याला पंचवीस कमी. आणि यात सासऱ्यांचं डायलिसिस धरलेलंच नाहीये. आठवड्यातून तीनदा असतं ते, ज्या सेंटरला जातात तिथे त्यांची वेळ लागलेली आहे, दुसरीकडे जाऊन लगेच तशी वेळ मिळेल याची खात्री कोण देणार, एचआर मॅडम देणार?

एचआर मॅडमनी काय सुचवलं माहितीये? "मिस्टरांना पण तिकडे बघायला सांगा ना." असं, इतक्या सहज. नवऱ्याने तेवढी वर्षं घालवून मिळवलेली नोकरी म्हणजे काय भाजीची पिशवी आहे, या हातातून त्या हातात घेतली?

बरं ते रिलोकेशन अलाउन्स देतायत म्हणून फार उपकाराच्या सुरात सांगत होते. नीट वाचलं तर पैसे आधी मी खर्च करायचे, बिलं लावायची, मग ते 'लिमिटमध्ये' परत देणार, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळे परत घेणार. म्हणजे तिकडे गेले, जमलं नाही, परत यावंसं वाटलं, तर सामानाचे पैसे पण माझ्याच पगारातून कापणार. ज्यांना हे पत्र आलंय त्यांनी सही करायच्या आधी ही ओळ शोधा, ती शेवटच्या पानावर असते.

मी शेवटी ठरवलं की नाही जायचं. मी त्यांना इथेच ठेवा, निदान दोन-चार महिने द्या, रिमोट करू द्या, सगळं लेखी विचारलं, सगळ्याला नाही. मग राजीनामा द्यायला पोर्टल उघडलं तर कारणाची यादी! उच्च शिक्षण, चांगली संधी, तब्येत, वैयक्तिक. यादीत बदली नाहीच. मी विचारलं तर म्हणाल्या 'वैयक्तिक' टाका, सगळे तेच टाकतात. का टाकू? माझं वैयक्तिक काहीही बदललेलं नाही! माझं घर तिथेच, नवरा तिथेच, काम तेच, बदललं फक्त तुमचं पत्र. आणि 'वैयक्तिक' टाकलं की उद्या कुठेही दाद मागायला गेले तर पहिला कागद तोच पुढे येणार की बघा, या स्वतःच्या कारणाने गेल्या. मी पोर्टलवर 'इतर' निवडलं, आणि वेगळी मेल केली, त्यात चार ओळी. अमुक तारखेच्या बदलीच्या पत्रामुळे मला राजीनामा द्यावा लागतोय, या बदलीला पर्याय मी लेखी मागितले होते, ते नाकारले गेले, सध्याच्या ऑफिसात पूर्ण नोटीस पिरियड काम करायला मी तयार आहे. संपलं. शिव्या नाहीत, रडणं नाही. रडले ते घरी.

आणि त्यावर यांचं उत्तर वाचून माझं डोकंच फिरलं! म्हणे नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे आणि तो 'नवीन लोकेशनला' सर्व्ह करायचा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार रिकव्हर होईल. वाचलंत का? मी तिकडे जाता येत नाही म्हणून नोकरी सोडतेय, आणि नोकरी सोडण्यासाठी मी तिकडे जाऊन तीन महिने राहायचं! हे लिहिताना त्या माणसाला काहीच कसं वाटलं नसेल?

यावर तिथल्या तिथे फोन करून भांडावंसं वाटलं पण नवऱ्याने फोन काढून घेतला, म्हणाला आता एकही गोष्ट तोंडी नाही. म्हणून परत मेल. मी कामावर हजर आहे, काम करतेय, तुम्ही काम करू देणार नसाल तर नोटीस मी मोडत नाहीये, तुम्ही सोडून देताय, आणि तसं असेल तर कार्यमुक्तीची तारीख लेखी कळवा. आणि मी रोज जातेय ऑफिसला. आयडी कार्ड चालेनासं केलं तर दारात उभी राहून सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचं ठरवलंय. कारण त्यांची पुढची चाल मला ठाऊक आहे, माणूस वैतागून यायचं बंद झाला की 'न सांगता गैरहजर' असा शेरा मारायचा, मग रिलिव्हिंग लेटर अडवायचं, आणि पुढच्या कंपनीने चौकशी केली की तोच शेरा पुढे. आमच्यातल्या एकाचं अगदी हेच झालं, बिचारा संतापाने घरी बसला आणि आता त्याच्या हातातली ऑफर त्या एका कागदापायी अडकलीये.

काल उत्तर आलं, 'लवकर कार्यमुक्त करण्याचा विचार सुरू आहे', रिकव्हरीबद्दल एक अक्षर नाही. मी परत विचारलंय. शिल्लक रजेचे पैसे, या महिन्याचा पगार, अनुभवाचं पत्र, आणि नोटीसपोटी एक पैसा कापणार नाही हे, सगळं तारखेसकट लेखी पाहिजे, आणि ते येईपर्यंत मी माझी खुर्ची सोडत नाही, त्यांनी नवीन माणूस उद्या आणून माझ्या शेजारी बसवला तरी नाही.