नाव सांगायची एवढी कसली घाई?

आज सकाळी चहा घेत दुर्गामाता दौडीचे फोटो बघत बसले होते. पांढरे कपडे, फेटे, पुढे भगवा ध्वज, पहाटेच्या अंधारात दारादारांत आरत्या घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. बघून बरं वाटतं. मग एका पेजवर एकाच मुलीचा जवळून काढलेला फोटो आला. फेटा, नथ, घामेजलेला चेहरा, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षसुद्धा नाही. वर लिहिलंय, 'ही रणरागिणी कोण? ओळखा आणि मेन्शन करा.'

खाली आपल्या लोकांची झुंबड. एकानं नाव लिहिलं, दुसऱ्यानं आडनाव. तिसऱ्यानं 'अमक्या गल्लीतल्या अण्णांची थोरली'. चौथा तर कॉलेज सांगून मोकळा, वर 'सेकंड इयर' पण. तिला कुणी विचारलं होतं?

मी पेजवाल्याला मेसेज केला की बाबा, त्या कमेंट काढ. उत्तर आलं, 'ताई, समदे चांगलंच लिवलेत की, रीच वाढूलालाय.' रीच!

तुम्ही म्हणाल, कौतुकच करताहेत ना. हो. माझ्या भाचीचंही कौतुकच झालं होतं.

तिचं नाव सांगणार नाही, गावही नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत, आपल्याकडच्या वैशाखातल्या, तिनं सजीव देखाव्यात जिजाऊ केली होती. गणपत गल्लीत कुणीतरी फोटो काढला आणि टाकला. त्याखाली आमच्याच ओळखीच्या एका काकांनी अभिमानानं लिहिलं, 'आमच्या गावच्या मास्तरांची लेक', पुढे तिचं पूर्ण नाव आणि गाव. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, ते मी आजही म्हणते.

पण काय झालं बघा. नुसता चेहरा घेऊन कुणी कुठे जाणार? त्या रात्री बेळगावच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, फोटोतली मुलगी कुठलीही असू शकते. नाव लागलं की ती सापडते. तिचं खातं प्रायव्हेट होतं, बरं का, पण मैत्रिणींची नव्हती. गॅदरिंगच्या फोटोत एकीनं तिला टॅग केलेलं, फोटोत मागे कॉलेजचा बॅनर. कॉलेज कळलं. गाव काकांनी दिलंच होतं. आणि आपल्याकडच्या खेड्याला बस असतात किती? कॉलेजच्या वेळेला सकाळी एक, ती चुकली की वडाप. संध्याकाळी परतीचीही तशीच ठरलेली. गाव आणि कॉलेज माहीत असलं की पोरगी सीबीटीवर कुठल्या फलाटाला किती वाजता उभी असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पुण्या-मुंबईत नावावरून माणूस गर्दीत हरवू शकतो. इथे आडनाव, बाप आणि गाव म्हणजे जवळजवळ दाराची कडीच.

आधी मेसेज आले. 'जिजाऊ खूप शोभली.' तिनं उत्तर दिलं नाही. मग 'एवढा माज?' तिनं ब्लॉक केलं, तो दुसऱ्या खात्यावरून आला. मग एक दिवस मेसेज, 'आज निळा ड्रेस छान दिसतोय.'

तोवर तिला वाटत होतं की हे सगळं मोबाइलच्या आतच आहे.

घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल म्हणून तिनं सांगितलंच नाही. शेवटी सांगितलं, आणि झालंही तेच. आमचे दाजी वाईट माणूस नाही हो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरी शिकवल्या त्यांनी. पण घाबरले. 'परीक्षेपुरती जा' म्हणाले. स्थळं बघायचंही डोक्यात यायला लागलं. शिवाय गल्लीतलं ते नेहमीचं, 'उगाच कोण कुणाच्या मागं लागतंय होय?' ज्यांनी हे म्हटलं त्यातल्या दोघी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचा, बायांनो, तुमच्यासाठीच लिहिलंय.

पोलिसांकडे गेलो तर आणखी तमाशा. मुलगा निघाला चंदगडकडचा. इकडे म्हणाले, तो महाराष्ट्रातला, तिकडे तक्रार द्या. तिकडे म्हणाले, घडलंय कर्नाटकात. सीमाप्रश्न आम्ही जन्मापासून भोगतोच आहोत, पोरीच्या पाठलागातही तो आडवा यावा? आता निदान नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, असा गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवता येते. नकार दिला तर लेखी अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे. स्त्रीचा पाठलाग, तिनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क, नेटवरची तिच्यावरची पाळत, हे सगळं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर ५ पर्यंत.

पण दाखवायला पुरावा लागतो. भाचीनं भीतीनं मेसेज पुसून टाकलेले. उरलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त वर दिसणारं नाव होतं, आणि ते त्यानं तोवर बदललेलं. म्हणून सांगते, ब्लॉक करायच्या आधी त्याच्या प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम टिपून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा मेसेजचा फोटो घ्या आणि घरातल्या दुसऱ्या एकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. ज्या कमेंटमध्ये नाव आलं तिचाही फोटो काढा, मगच ती काढायला लावा.

कौतुकानं नाव लिहिणाऱ्या काकांना यातलं कुठलंच कलम लागत नाही. लागूही नये म्हणा. म्हणून तर हे कोर्टात नाही, इथे लिहितेय.

गंमत बघा, फोटोत चेहरा ओळखून नाव सुचवायची सोय फेसबुकनं २०२१ साली बंद केली, अब्जाहून जास्त चेहऱ्यांचे साचे पुसून टाकतो म्हणाले. आणि आपण तेच काम फुकटात, हातानं, गल्लीच्या नावासकट करतोय.

हरवलेलं पोर, वाट चुकलेले आजोबा, तिथे ओळख सांगावी लागते, मान्य. तीही इनबॉक्समध्ये किंवा पोलिसांना सांगता येते. 'मिरवणुकीत गेली म्हणजे फोटो निघणारच', हेही मान्य. निघू दे की फोटो. सजीव देखाव्यात उभी राहिली म्हणजे तिनं बसची वेळ जाहीर केली असं होत नाही.

आणि आता आपल्यातल्या भाषाप्रेमींना. गेल्या महिन्यात दुकानातल्या एका कन्नड मुलीचा व्हिडिओ तुम्हीच फिरवलात ना? मराठीत बोलली नाही म्हणून. 'हिचं नाव शोधा, कुठं राहते बघा.' नाव सापडलं तेव्हा टाळ्या वाजवल्यात. समोरचे लोक आपल्या पोरांचे फोटो टाकून हेच करतात तेव्हा मात्र आपण 'गुंडगिरी' म्हणतो. मराठीसाठी मी दर १ नोव्हेंबरला काळ्या साडीत उभी असते, मला कुणी शिकवू नये. पण त्या मुलीलाही संध्याकाळची बस पकडायची असते. भांडायचंय तर मालकाशी भांडा, पाटीवरून भांडा.

भाची पुन्हा कॉलेजला जाते. तिचा मामा, म्हणजे माझा भाऊ, महिनोन्‌महिने तिला स्टँडवर सोडायला जायचा. मुलगा आता दिसत नाही. चित्ररथात ती पुन्हा उभी राहिली नाही, आणि पुढच्या वर्षी जिजाऊ कोण करणार यावर आमच्या मंडळात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. तेवढं मला लागलं.

एडिट : पोस्ट शेअर करा, हरकत नाही. पण भाची कोण हे ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली तिला टॅग करू नका. एकानं केलंच होतं, आत्ता फोन करून काढायला लावलं.