मुद्देसूद

आज सकाळी लेकीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "आई, वाच. एकही मुद्दा सोडला नाहीये." तिच्या मैत्रिणीचा रात्री आलेला लांबलचक मेसेज, आणि त्यातली एकेक ओळ धरून हिने नोट्समध्ये लिहून ठेवलेली उत्तरं. 14! पोहे गार झाले आणि माझं डोकं तापलं. तिच्यावर की स्वतःवर, ते मात्र कळेना.

कारण हेच मी केलंय. 2019 चा जानेवारी. रात्री पावणेबाराला माझ्या जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला. फोन उचलत नाहीस, भाच्याच्या मुंजीला जेवणाच्या वेळी उगवलीस, 3,000 रुपये परत करायला दोन महिने लावलेस, असं बरंच काही. आणि मध्येच एक ओळ: "बाबा आयसीयूत होते तेव्हा तू स्टेटसला स्ट्रॉबेरीचे फोटो टाकत होतीस."

मी दीड वाजेपर्यंत जागून उत्तर दिलं. तिची एकेक ओळ कॉपी करायची, खाली आपलं म्हणणं. पैशांचा तर स्क्रीनशॉट जोडला, दोन महिने नाही, 37 दिवस! स्ट्रॉबेरीच्या ओळीखाली लिहिलं, "मला कुणी कळवलंच नव्हतं." खरंच नव्हतं कळवलं. सकाळी तिचं उत्तर आलं, "बरोबर आहे तुझं." पुढे पूर्णविराम. तो अजून तसाच आहे.

आता मला सांगा, 37 दिवसांचा हिशोब तिला हवा होता का? रागात माणूस हाताला लागेल ते फेकतं. मुंज, पैसे, फोन हे सगळं त्या एका ओळीच्या आजूबाजूला गोळा केलेलं होतं. मी सगळ्यांना सारखंच वजन दिलं, म्हणजे तिचं सगळ्यात मोठं दुःख मुंजीच्या जेवणाच्या रांगेत नेऊन बसवलं. वर प्रत्येक उत्तरातून नवा वाद. 37 दिवस म्हटलं की "म्हणजे तू मोजत होतीस?" आलंच.

लेकीला म्हटलं, तिचा मेसेज परत वाच, तुझा नको. सगळ्या तक्रारी "तू नेहमी" नाहीतर "तू कधीच"ने सुरू होत होत्या. एक सोडून. "त्या दिवशी मी जिन्यात अर्धा तास बसून होते." यात "तू" नाहीच. लेकीने नेमकं त्याखाली लिहिलं होतं, "मग बेल का नाही वाजवलीस?"

वाचून मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. आणि मग माझी स्ट्रॉबेरी आठवली.

पण हल्ली ते दुसरं टोक निघालंय ना, त्याचाही मला तितकाच तिटकारा आहे. "तुझ्या भावना मी समजू शकते." "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." असेल तर? तिने दोन फूट लांब लिहून सांगितलंय की वाटलंय! हे शांत उत्तर नव्हे, बँकेच्या काउंटरवरची पोच आहे. आमच्या ह्यांचा तर नुसता अंगठा असतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. शांत उत्तरात तिचीच गोष्ट तिच्या नावानिशी यायला हवी. मी तेव्हा एवढंच लिहायला हवं होतं: "बाबा आयसीयूत होते आणि मी स्ट्रॉबेरीचे फोटो टाकत होते. तुला तिथे बसून ते कसं दिसलं असेल, आत्ता लक्षात येतंय. उद्या संध्याकाळी फोन करते." कळवलं नव्हतं हे खरं असलं तरी त्या मेसेजमध्ये "पण" म्हणून नको होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर आपोआप निघालं असतं, कदाचित तीच म्हणाली असती.

हे म्हणतात, गप्प बसलं की आरोप कबूल केल्यासारखं होतं. असेल. चार लोकांसमोर चोर म्हटलं तर उत्तर द्यावंच लागतं, आणि दर महिन्याला असा मेसेज धाडणारी माणसं असतात, त्यांना गोंजारत बसू नये, हेही मान्य. माझी मैत्रीण तसली नव्हती. वीस वर्षांत एकदाच लिहिलं होतं तिने.

लेकीने ती 14 उत्तरं पुसली. जिन्याबद्दल दोन ओळी लिहून पाठवल्या. निळ्या खुणा झाल्यात, उत्तर नाही. पोरगी दर मिनिटाला फोन उलटा करून बघतेय. मी काही बोलले नाही, पोहे परत गरम करून दिले.

मग मीही तो जुना चॅट उघडला. "बरोबर आहे तुझं." त्याच्याखाली स्ट्रॉबेरीचं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तिचे बाबा आता आहेत की नाहीत, तेही मला माहीत नाही. बोट पाठवायच्या बाणावर जाऊन परत आलं, म्हणून ही एवढी मोठी पोस्ट तुम्हाला लिहीत बसलेय.