प्रतिक्रियेला उत्तर: डब्यांच्या वहीतला खरा नफा

«सर, वहीत ७,२०,००० जमा, ५,८४,००० खर्च, म्हणजे काकूंचा नफा १,३६,०००. घरगुती मेसला एवढं ताळेबंद वगैरे कशाला? उगाच सीएची फी वाढवायची कामं.»

दादा, फीचं सोडा, मी काकूंकडून फी नाही, पांढरा रस्सा घेतो :) पण तुमचा आकडा चुकलाय, तोही थोडाथोडका नाही.

वहीत फक्त हातात आलेला आणि हातातून गेलेला पैसा असतो. ३१ मार्चला राजारामपुरीतल्या गिऱ्हाइकांकडं ४६,००० येणं होतं, मागच्या वर्षीचं १८,००० या वर्षी वसूल झालेलं, आणि १२,००० पोरांनी एप्रिलच्या डब्यांचे आधीच दिलेले, ते अजून कमावलेलेच नाहीत. म्हणून विक्री ७,२०,००० + ४६,००० − १८,००० − १२,००० = ७,३६,०००. किराणा-भाजी-गॅसला रोख ४,१०,००० गेले, पण दुकानदाराची उधारी ९,००० वरून ३१,००० झाली म्हणजे खरेदी ४,३२,००० ची, शिल्लक माल दोन्ही टोकांना ८,००० चा होता म्हणून त्याला हात लावला नाही. डबे पोचवणारा पोरगा आणि मदतनीस बाई १,४४,०००.

आता दोन गोष्टी ज्या वहीत नीट दिसत नाहीत. ३०,००० चा ग्राइंडर तुम्ही एका वर्षातच खर्चात टाकलाय, तो पाच वर्षं चालेल असं धरलं तर यंदाचे ६,०००. आणि घरचे चौघं त्याच कढईतलं जेवतात! रोज ८ ताटं, ताटामागं नुसता माल २० रुपयांचा, वर्षाचे साधारण ६०,०००. ते धंद्याचा खर्च नाही, काकूंची उचल. तेव्हा माल ३,७२,०००, आणि नफा ७,३६,००० − ३,७२,००० − १,४४,००० − ६,००० = २,१४,०००.

पडताळा पण घेतला. वर्षाच्या सुरवातीला आणि शेवटी येणं, माल, ग्राइंडर आणि रोख यातून देणं वजा केलं की भांडवल ३४,००० नं वाढलं, त्यात काकूंनी घरासाठी काढलेले रोख १,२०,००० (हे वेगळ्या पानावर होते, नशीब) आणि जेवणाचे ६०,००० मिळवले की तेच २,१४,०००. पहिल्यांदा जुळलं नव्हतं बरं का, १२,००० चा फरक येत होता, मी ॲडव्हान्स विक्रीत धरला होता आणि देण्यातही लिहिला होता, तासभर डोकं खाजवलं.

एक मात्र कबूल, ताटामागचे २० रुपये हा अंदाजच आहे आणि तो या पडताळ्यात सापडत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच मिसळतो, २५ धरले तरी जुळणारच. म्हणून काकूंना सांगितलंय, महिनाभर घरची ताटं मोजून कॅलेंडरवर लिहा.