‘पाटी अजून जुनीच दिसते’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

“गणपती पेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीचा फोटो फ्रेम करायला दिला होता. पुसट अक्षरं ठळक करून मागितली. हातात आली ती पाटी अजून जुनीच दिसते. गंज तसाच, पुराची रेघ तशीच, फोन नंबरचे दोन आकडे अर्धवट. मोबाईलमध्ये एका बटणात होणाऱ्या कामाचे एवढे पैसे?”

नमस्कार. फ्रेम बघून तुमचा हिरमोड झाला याचं खरंच वाईट वाटतं. आमच्या ऑर्डरच्या वहीत तुमच्या वडिलांचं सांगणं लिहिलेलं आहे: ‘अक्षरं वाचता यावीत, पण पाटी नवी दिसायला नको.’ त्याच हिशोबानं काम केलंय.

पाटी पत्र्याची, पिवळट जमिनीवर लाल अक्षरं आणि उजवीकडून-खालून काळी शेड. काळ्या रंगात काजळी असते, ती उन्हानं उडत नाही, म्हणून शेड शाबूत राहिली. लाल मात्र उडून मातकट गुलाबी झाला. त्यामुळे प्रत्येक अक्षराची उजवी कड स्पष्ट होती आणि डावी जमिनीत विरघळलेली. मोबाईलचं बटण दाबलं की अख्ख्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढतो. लाल थोडा वर येतो, पण त्याहून जास्त गंज भडकतो आणि अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. तुमच्या फोटोवर ते आम्ही आधी करून पाहिलं होतं. ‘शेंगदाणे’ मधला अनुस्वार कुठला आणि गंजाचा ठिपका कुठला, हेच कळेना.

मग फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे काढून पाहिले. निळ्यात लाल आणि पिवळा दोन्ही काळपट दिसतात, तिथे काही हाती लागत नाही. हिरव्यात पिवळी जमीन उजळ राहते आणि लाल गडद होतो, त्यामुळे हरवलेली डावी कड तिथे सापडली. पण गंजही हिरव्यात गडदच दिसतो. म्हणून अंधार पडल्यावर प्रत्यक्ष पाटीसमोर कॅमेरा स्टँडवर ठेवून, पाटीला जवळजवळ टेकवून बाजूनं टॉर्च मारला आणि दुसरा फोटो काढला. ऑइल पेंटला जाडी असते. रंग फिका पडला तरी ब्रशची कड उचललेली राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. गंजाला तशी सरळ कड नसते. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून अक्षरांचा मास्क, म्हणजे रंग फक्त अक्षरांपुरता ठेवणारा साचा, हातानं काढला. वेळ गेला तो इथे.

रंग आम्ही मनानं निवडला नाही. पाटीच्या लाकडी चौकटीच्या पट्टीखाली जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे बोटभर मूळ लाल शिल्लक होता, तोच उचलला. तो खालच्या भेगा-डाग दिसू देणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ लेयरमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास ठेवला आणि जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय, तिथे मास्कमधून वगळला. काम बरोबर झालंय का, हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. फ्रेम जवळ घेऊन ‘गूळ’ या शब्दातल्या ‘ळ’कडे बघा. रंगाला पडलेल्या भेगा अक्षराच्या आतून सलग गेलेल्या दिसतील. भेगांवरून रंग सपाट वाहिलेला दिसला असता, तर ते रंगकाम झालं असतं आणि मी ते परत घेतलं असतं.

अक्षरं सरळ टाईप करून बसवता आली असती. पण बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वळणाचे घेतले तरी ते सगळीकडे एकसारखेच. तुमच्या पेंटरची शिरोरेघ ‘शेंगदाणे’ वर किंचित चढत जाते, कारण पुढे ‘तेल’ मावायला हवं होतं. तो हात मला पुसायचा नव्हता.

पुराची रेघ २०१९ च्या ऑगस्टची, असं तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं. तुम्हाला ती नको असेल तर तेवढी काढून दुसरी प्रिंट देतो. मूळ फाईलमध्ये सगळे लेयर वेगवेगळे आहेत, त्यामुळे लालही थोडा चढवता येईल. प्रिंटचे पैसे नकोत.

फोन नंबरचं मात्र तसं नाही. त्या दोन आकड्यांच्या जागी रंग पापुद्र्यासकट गेलाय, त्यामुळे टॉर्चच्या फोटोतही कड उमटत नाही. एक आकडा ३ असेल किंवा ८, दुसऱ्याचं फक्त वरचं टोक उरलंय. अंदाजानं भरला तर उद्या घरातलं कोणीतरी तोच खरा धरेल. दुकानाचं जुनं पावतीपुस्तक किंवा छापील लेटरहेड घरात सापडलं, तर त्याचा फोटो पाठवा. नंबर कळला की त्याच पाटीवरचे दुसरे आकडे बघून, त्याच वळणात ते दोन भरून देतो.