परत येईन म्हणा, पण कुठे ते सांगू नका

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? अभिनंदन. आता तो निबंध. ‘शिक्षण पूर्ण झाल्यावर मी मायदेशी परतून माझ्या समाजाची सेवा करीन’ हे वाक्य त्यात कुठेतरी येणारच, तर ते असं लिहा की वाचणाऱ्याला त्याचा काडीचाही विश्वास वाटू नये. मी धुळ्यात बसून गेली काही वर्षं पोरांचे असे निबंध वाचतोय, त्यामुळे हा सल्ला फुकट असला तरी अनुभवाचा आहे.

सुरुवात आजीपासून करा. आजी डोक्यावर हंडा घेऊन दोन कोस चालत होती, असं लिहा. आमच्या खान्देशात उन्हाळ्यात पाण्याचे हाल आहेतच, तेव्हा खोटंही ठरत नाही. मग लगेच ‘मातीचं ऋण’ आणा. ऋणाचा आकडा, हप्ता, मुदत काही लिहू नका. आपल्याकडे सोसायटीचं पीककर्ज घेतलेल्या माणसाला ऋण म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं, पण निबंधातलं ऋण वेगळं. ते फेडायला कुणी नोटीस पाठवत नाही.

त्यानंतर संकल्प. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गावात आधीपासून जे काम करताहेत त्यांच्यात सामील होईन, असं चुकूनही लिहायचं नाही. तुम्ही स्वतःची संस्था काढणार. आजीच्या नावाने. समितीतले लोक वर्षानुवर्षं असल्या संस्थांची नावं वाचत आलेत. त्यांना अंदाज असतो की यातल्या बहुतेक संस्था अर्जाबाहेर जन्मालाच येत नाहीत. तरी त्यांना एक नाव जास्त वाचू द्या, बिचाऱ्यांचा वेळ जातो.

आणि हो, शपथ मोठ्याने घ्या. ‘मी परत येण्याची खात्री देतो’ हे दोनदा तरी लिहा. आता कुणी म्हणेल, चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीत किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आधीच असते, फुलब्राइटवाल्यांना अमेरिकेच्या जे-1 व्हिसाचा दोन वर्षांचा नियम लागतो, मग तुमच्या शपथेने वेगळं काय मिळालं? बरोबर आहे. अटीवर सही केल्यावर तीच अट निबंधात शपथ म्हणून लिहिणं म्हणजे टोल भरून पावती फ्रेम करून लावणं. वाचणाऱ्याला खरं तर तिसऱ्या वर्षी तुम्ही काय करणार ते जाणून घ्यायचं असतं. म्हणून तिसऱ्या वर्षाबद्दल अवाक्षर काढू नका. लिहायचंच झालं तर ‘काही वर्षं तिकडचा अनुभव घेऊन’ असं लिहा. या पाच शब्दांत अटही मोडते आणि शपथही, इतकं काटकसरीचं वाक्य दुसरं सापडणार नाही.

माझ्या हातात चांगला निबंध बिघडल्याचं एक उदाहरण आहे. साक्री तालुक्यातल्या, पिंपळनेरकडच्या एका गावातला मुलगा. पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो, पाण्याच्या व्यवस्थापनात मास्टर्स करायला इंग्लंडला जायचंय. पहिला मसुदा घेऊन आला तेव्हा मला भरून आलं. पांझरेच्या काठी खेळलेलं बालपण, पूर्वजांची फड पद्धत, ‘ती पुनरुज्जीवित करून मी खान्देश सुजलाम सुफलाम करीन’. सगळं जागच्या जागी. मी माझी नेहमीची कसोटी लावली: पांझरा खोडून गिरणा लिहिली, निबंध तसाच राहिला. गिरणा खोडून कृष्णा लिहिली, तरी तसाच. म्हटलं, वा! हा निबंध आता कोणत्याही नदीकाठच्या माणसाला चालेल. असा सर्वोपयोगी माल रोज मिळत नाही.

तेवढ्यात त्याचे काका आले. ते आयुष्यभर फडाचे पाटकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि कोणत्या फडात काय लावायचं ते सगळे मिळून ठरवणार. पाणी शेतकरी स्वतः फोडत नाही, ते पाटकरी देतो, राखणीला जागल्या असतो. काहीशे वर्षं हे चाललं. काकांनी पुतण्याचा कागद बाजूला सारला आणि अहिराणीत एकच विचारलं, “आन् तुले पगार कोन देई?”

मी त्यांना खुणावलं, असले प्रश्न निबंधात विचारत नसतात. पण मुलगा गप्प झाला. आणि आठ दिवसांनी त्याने दुसरा मसुदा आणला, तो मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल.

पहिली चूक, त्याने स्वतःची फजिती लिहिली. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने गावात फड पुन्हा चालू करायची बैठक बोलावली होती. एकोणीस खातेदारांना सांगितलं, आले तीन. त्याला वाटलं होतं की पाट फुटलाय, गाळाने भरलाय, म्हणून फड बंद पडला. पाट साफ केला की झालं. न आलेल्या सोळा जणांकडे तो घरोघरी गेला तेव्हा उलगडा झाला: त्यातल्या बाराजणांच्या स्वतःच्या विहिरी होत्या. ज्याच्या विहिरीत पाणी त्याला पाटकऱ्याची गरज काय? तो त्याला हवं ते पीक लावणार, हवं तेव्हा मोटार चालू करणार. फडाला सगळे लागतात, विहिरीला एकटाच पुरतो. आणि जे तिघे बैठकीला आले ते बिनविहिरीचे. त्यांची वर्गणी पाटकऱ्याच्या धान्यालाही पुरणार नव्हती.

आता सांगा, असं कुणी अर्जात लिहितं? आपण बैठक बोलावली आणि ती फसली, वर आपलं निदानही चुकलं होतं! पण त्याने लिहिलं. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की हा माणूस गावाकडे ‘परतणार’ नाहीये, तो आधीच जाऊन आपटून आलाय, आणि तरी पुन्हा जायचं म्हणतोय. हे असले दगाबाज तपशील तुमच्या निबंधात येऊ देऊ नका.

दुसरी चूक पहिलीतून निघाली. फजितीमुळे त्याला काय शिकायचंय ते नेमकं कळलं. पाटाचं पाणी आणि विहिरीचं पाणी एकाच हिशोबात कसं आणायचं, हा त्याचा प्रश्न. पाट वाहिला की आजूबाजूच्या विहिरी भरतात, म्हणजे विहिरीवाले पाटाचंच पाणी वापरतात, फक्त वर्गणी देत नाहीत. हे मोजून दाखवता आलं तर विहिरीवाल्यांना पुन्हा फडात आणायला काही बोलणी करता येतील. पण मोजायचं कसं, आणि वर्गणी कशावर लावायची, ते त्याला येत नाही. म्हणून त्याने ज्या अभ्यासक्रमात भूजल आणि पाटपाणी दोन्ही एकत्र शिकवतात तोच निवडला आणि त्यातले दोन विषय नावानिशी लिहिले. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण’ हे शब्द त्यात कुठेच नाहीत. विद्यापीठाच्या क्रमवारीचा उल्लेखही नाही. मला फार वाईट वाटलं.

तिसरी चूक, काकांच्या प्रश्नाचं उत्तर. त्याने लिहिलं की गाव पगार देणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत जागा निघेल तेव्हा अर्ज करीन, पण ती कधी निघेल ते माझ्या हातात नाही, म्हणून त्यावर योजना उभी करत नाही. पहिली दोन वर्षं तालुक्यात पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत. तिच्या प्रमुखांशी बोलणं झालंय, तेच माझे एक शिफारसदार आहेत. पगार आजच्या पुण्याच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. बहिणीच्या शिक्षणाचा खर्च धाकटा भाऊ उचलेल, हे घरात ठरलंय. आणि तिसऱ्या वर्षापर्यंत एकाच बंधाऱ्याखाली, 2005च्या कायद्यानुसार पाणी वापर संस्था नोंदवायची. एकच. खान्देश नाही, साक्री तालुकाही नाही.

मी म्हटलं, “अरे, जरा मोठं लिही! एका बंधाऱ्यासाठी कोण इंग्लंडला पाठवेल?”

तो म्हणाला, “सर, मोठं लिहिलं तर मुलाखतीत विचारतील तेव्हा काय सांगू?”

मुलाखतीचं तर विचारूच नका. समितीतल्या एका बाईंनी म्हणे विचारलं, संस्था बंद पडली तर? अशा वेळी छातीवर हात ठेवून ‘मी मागे हटणार नाही’ म्हणायचं असतं. हा म्हणाला, मग मला धुळ्यात किंवा नाशिकला नोकरी शोधावी लागेल, पण पाटाच्या पाळ्या सुरू असतील त्या महिन्यांत शनिवार-रविवार गावात मोजणी चालू ठेवीन, ती आताही तशीच करतो. काय मोजता, असं त्यांनी विचारल्यावर हा दोरीला वजन बांधून विहिरीत सोडायचं कसं, ओल्या खुणेपर्यंतची दोरी मापायची कशी आणि मोटार चालू असलेल्या दिवसाचं माप वहीत वेगळं का लिहायचं, ते सांगत बसला. त्यांनी पुढचा प्रश्न त्या वहीवरच विचारला म्हणे. शपथेचा विषय निघालाच नाही. इतक्या तयारीने केलेली शपथ, आणि घ्यायची संधीच नाही.

निकाल अजून यायचाय. काकांचं मत विचाराल तर त्यांनी दुसरा मसुदा वाचून घेतला आणि फक्त एक दुरुस्ती सुचवली: विहिरी बारा नाहीत, तेरा. एक जण लपवतो.

पहिला मसुदा मी मुलाकडून मागून घेतलाय, तो फेकून देत होता. पुढच्या आठवड्यात चोपड्याची एक मुलगी येणार आहे. पांझरा खोडून तापी लिहिलं की झालं. आजी तशीच राहू द्यायची.