पैसे न येण्यासाठी पत्र कसं लिहावं

पैसे मागताना जीभ जड व्हायलाच हवी. आपल्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी, मग घरच्या सगळ्यांची विचारपूस, आणि उधारीचा विषय थेट निघता निघता उंबऱ्यावर, 'ता जरा बघा हां' एवढाच. थकलेल्या बिलाची ईमेलही याच चालीवर लिहावी. पैसे येत नाहीत, पण माणूस भला म्हणून नाव होतं.

माझंच घ्या. वेंगुर्ल्याजवळ मी कोकमाचं आगळ बनवतो. ३ फेब्रुवारीला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलला २४० बाटल्या पोचवल्या, दर १६० रुपये, बिल ३८,४०० रुपयांचं. ऑर्डरवर तीस दिवसांची मुदत लिहिलेली होती, म्हणजे ५ मार्च. ७ तारखेला मी पहिली ईमेल लिहिली. विषय 'नमस्कार'. मजकुरात आंब्याचा मोहर, मॅनेजरच्या आईचा गुडघा आणि शेवटी 'सवडीनं बघावं'. रक्कम कुठेच नाही, बिल जोडलेलं नाही. तुम्हीही अगदी असंच लिहा. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आईला बरं आहे.' इतक्या तत्पर सेवेला दाद द्यायलाच हवी.

आमच्या शेजारच्या वहिनी काजूगर विकतात. त्यांना असली सभ्यता जमत नाही. त्यांनी माझी ईमेल वाचली आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यां पत्र की श्रावणातली कहाणी?" मग त्यांनी चार ओळी सांगून पहिली ईमेल नव्यानं पाठवायला लावली. विषयातच बिल क्रमांक, रक्कम आणि मुदतीची तारीख. आत: 'सोबतच्या बिलाची मुदत ५ मार्चला संपली. पैसे पाठवले असतील तर व्यवहार क्रमांक कळवा. नसतील तर कोणत्या तारखेला जमा होतील ते कळवा. बँकेचा तपशील खाली आहे.' आणि ही ईमेल मॅनेजरबरोबर हिशेब विभागालाही. हे किती उद्धट आहे बघा. हिशेबवाल्याला 'बिल मिळालाच नाय' म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाही.

(ते वाक्य तो नंतर म्हणालाच. मूळ बिल मी मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ते तिथेच लग्नाच्या फोटोंखाली गाडलेलं होतं.)

दुसरी ईमेल १७ मार्चची. तोवर 'शिमगो झालो की बघूया' असा निरोप आला होता. माझ्या पद्धतीनं इथे पूर्ण शांत राहायचं. शिमगा जातो नि कवित्व उरतं, आपण कवित्वावर समाधान मानायचं. वहिनींनी मात्र जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहायला लावलं, म्हणजे आधीचं सगळं खाली दिसत राहील. 'बारा दिवस उलटले. बिलात काही चूक असेल तर २० तारखेपर्यंत कळवा. नसेल तर २२ तारखेला पैसे जमा होतील असं समजतो. तोवर पुढचा माल रोखून ठेवला आहे.' माल खरोखरच रोखला. नुसतं लिहून भागत नाही, हे त्यांचं म्हणणं. मला तर दोन रात्री झोप लागली नाही.

तिसरी ईमेल २४ मार्चला, थेट मालकाला. आवाज चढवलेला नव्हता, हेच त्यात सगळ्यात वाईट. त्यात लिहिलं, माझी छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी माल देण्याआधीची आणि मी उत्पादक, नुसता व्यापारी नव्हे. म्हणून २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा मला लागू होतो. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. रेट सहा टक्के धरला तर माझ्या बिलावर पहिल्या महिन्याचे ५७६ रुपये. या रकमेला कोण घाबरतो! घाबरवणारं वाक्य पुढचं होतं: मुदत उलटून गेलेलं असं बिल ३१ मार्चला बाकी राहिलं, तर आयकराच्या नियमाप्रमाणे तो खर्च त्यांना या वर्षाच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पैसे देतील त्या वर्षी येतो. शेवटी, '२८ मार्चपर्यंत रक्कम न आल्यास थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज दाखल करीन.' अर्जाची कागदपत्रं आधीच तयार होती.

२७ तारखेला दुपारी ३८,४०० जमा झाले. व्याजाचं नाव नाही. पाठोपाठ मॅनेजरचा फोन, "अरे, तुझे पैसे खंय पळान जाय होते? आमका काय परके समजतंस? बरां, मे महिन्यासाठी तीनशे बाटल्यो पाठव." मी लगेच हो म्हणणार होतो, जुन्याच दरानं, उधारीवर. पण फोन वहिनींनी हातातून घेतला, आणि अर्धी रक्कम आगाऊ ठरली. तुम्ही मात्र फोन वहिनींच्या हाती लागू देऊ नका.